भाकरी मोजणारा कंजूष

आमच्या गावची जत्रा चैत्रात. दिवसा पालखी, कुस्त्या आणि रात्री तमाशा. पैसे जमले तर बाहेरचा फड यायचा. नाही जमले तर गावातल्या पोरांनीच काहीतरी उभं करायचं, अशी रीत. 1979 साली पाऊस चांगला होता, पण वर्गणी झाली नाही. तेव्हा आम्ही आठ-दहा जणांनी नाट्यमंडळ काढलं. मी दहावी झालेला. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा 1975 ला झाली, त्या तुकडीतला. मंडळात तेवढं शिकलेला मीच, म्हणून वही आणि पेन माझ्याकडे आलं.

आमचा भाग तासगाव तालुक्याचा. सावळज आमच्यापासून दोन कोसांवर. वगनाट्य लिहिणाऱ्या पहिल्या माणसांत ज्यांचं नाव घेतात, ते उमाजी सावळजकर इथलेच. त्यांचा ‘मोहना बटाव’ हा वग 1865 च्या सुमाराचा. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वाटतं, की तमाशा ही आपल्या शिवारातलीच उपज आहे. चुकलं तर ते लगेच बोलतात.

ज्यांनी तमाशा नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी गण होतो, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण, तिच्यात कृष्ण, पेंद्या आणि मावशी. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. वगाला गोष्ट असते. बतावणीला गोष्ट नसते, नुसती दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात. एक विचारतो, दुसरा वाकडं उत्तर देतो. सगळी गंमत त्या वाकड्या उत्तरात. ते देणारा तो सोंगाड्या.

बतावणीला पात्रं लागतात, आणि ती ठरलेली असतात. चिक्कू शेटजी, बढाईखोर हवालदार नाहीतर पैलवान, आणि येडा नोकर. आम्हीही तीच घेतली. शेटजीला ठिगळाचं धोतर, हवालदाराला काजळाच्या मिशा, नोकराला उलटी टोपी. लोकांनी पात्र पाहिलं की ते काय करणार हे त्यांना कळायचं. आम्हाला वाटायचं, हाच फायदा आहे.

पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षीही हसले. 1981 च्या जत्रेत मी शेटजी जास्तच चिक्कू केला. पहिल्या वर्षी तो दिव्याची वात लहान करायचा. आता तो वात विझवून बोलायचा, कारण बोलायला उजेड लागत नाही. पहिल्या वर्षी पाहुण्याला अर्धा कप चहा द्यायचा. आता नुसती कपबशी वाजवून दाखवायचा. म्हटलं, चिकटपणा दुप्पट केला तर हसू दुप्पट होईल. पण हसू अर्ध्यावर आलं.

मंडपाच्या मागे एक म्हातारा सोंगाड्या बसलेला असायचा. तरुणपणी त्यानं तीन-चार फडांत काम केलं होतं, आता गुडघे गेले म्हणून गावी येऊन राहिला होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. तमाशा सुटल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानं तंबाखू मळली आणि विचारलं, “हसू कवा आलं, ध्यान दिलंस का?”

मी म्हटलं, “कमी आलं.”

“कमीजास्ती न्हवं रं. कवा आलं? तुझं वाक्य सरायच्या आधीच हसत हुती मान्सं. म्हंजी फुडं काय येनार ते त्यास्नी ठावं हुतं. असं हसू आलं की समजायचं, पात्र शिळं झालं. फुडच्या साली तेबी येनार न्हाई.”

ती खूण मला आजवर उपयोगी पडली. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून आलेलं हसू ताजं. वाक्याच्या आधीच आलेलं हसू ओळखीचं. ओळखीचं हसू वाईट नसतं, पण त्याच्यावर सगळी रात्र निघत नाही.

आबा म्हणाला, “चिक्कू, बढाईखोर, येडं ही नुसती पोती हायती. मोकळं पोतं हुबं ऱ्हात न्हाई. तू त्येला अजून एक पोतं घातलंस. आत काय भरलंस?”

आत काय भरायचं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी सोपा रस्ता धरला. मोकळ्या पोत्यात गावातला जिवंत माणूस भरला.

आमच्या भावकीत एक तात्या होते. चिकटपणाबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांच्या घरी भाकरी मोजून टोपल्यात ठेवायचे आणि जेवण झालं की उरलेल्या परत मोजायचे. पाहुणा जेवत असला तरी तात्यांची बोटं हलत असायची. डोक्याचं मुंडासं एकाच बाजूला कललेलं, आणि बोलायच्या आधी दोनदा खाकरायची सवय. 1982 च्या बतावणीत मी शेटजी काढून टाकला आणि त्याच्या जागी असं मुंडासं बांधलेला, दोनदा खाकरणारा, भाकरी मोजणारा म्हातारा उभा केला. नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजच नव्हती.

त्या रात्री मंडप हसून हसून पडायला आला. पोरं ओरडत होती, “परत मोज! परत मोज!” तात्या पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसले होते. ते उठले, पटका नीट केला आणि अंधारात निघून गेले. ते उठले तेव्हा हसू आणखी वाढलं. मीही विंगेत उभा राहून हसलो. हे लिहिताना लपवत नाही.

सकाळी आई बोलली नाही. दोन दिवसांनी पाणी भरून आली तेव्हा हंडा खाली ठेवतानाच म्हणाली, “भाकरी का मोजत्यात ते इचारलंस का कधी?”

तिला तात्यांच्या घरातल्या काकींनी आडावर सांगितलं होतं. 1972 चा दुष्काळ. मी तेव्हा तेरा वर्षांचा, मला दुष्काळी कामावरची सुकडी आठवते आणि मिलोच्या लाल भाकरी आठवतात. तात्यांच्या घरी तेव्हा सहा माणसं. चाऱ्याअभावी बैलजोडी बाजारात मातीमोलानं गेली. तात्या आणि काकी दोघं खडी फोडायला. दिवसाचं पीठ मोजून, त्याच्या पाच भाकरी व्हायच्या. खाणारी तोंडं सहा. काकी थापायच्या आणि तात्या मोजायचे. ती मोजायची सवय दुष्काळ संपला तरी गेली नाही. मागनं बागायत झाली, ज्वारीची पोती लागली, तरी बोटं हलायची थांबली नाहीत.

मी गप्प बसलो. गावानं दहा वर्षं ज्याला चिकटपणा म्हटलं, ती भूक होती. आणि मी तिला पटका बांधून स्टेजवर नाचवली होती.

यानंतर मी वर्षभर काही लिहिलं नाही. 1983 च्या जत्रेला बाहेरचा फड आला. त्याच साली आमच्या हायस्कुलातल्या मराठीच्या सरांनी मला एक नाटक वाचायला दिलं. आचार्य अत्रे यांचं ‘कवडीचुंबक’. सर म्हणाले, “हा कंजूष मूळचा पुण्याचा नाही, मुंबईचाही नाही. अत्र्यांनी तो फ्रान्सच्या मोलियरकडून आणला. आणि मोलियरनं रोमच्या प्लॉटसकडून.” एकाच कंजुषानं एवढा प्रवास केला हे ऐकून मला गंमत वाटली. सरांनी दोन-तीन संध्याकाळी बसून तो प्रवास सांगितला. पुढे मी जमेल तसं वाचलं. त्यातनं जे हाती लागलं ते आबांच्या पोत्याच्या प्रश्नाचंच उत्तर होतं.

प्लॉटस सव्वीसशे नव्हे, पण बावीसशे वर्षांपूर्वीचा रोमन नाटककार. त्याचा कंजूष युक्लिओ हा श्रीमंत नाही. गरीब शेजाऱ्यासारखा माणूस. त्याच्या आज्यानं चुलीखाली सोन्याचा हंडा पुरून ठेवलेला असतो, तो त्याला सापडतो. त्या दिवसापासून त्याची झोप जाते. कोण गोड बोललं तरी त्याला वाटतं, ह्याला हंड्याचा वास लागला. श्रीमंत शेजारी त्याच्या पोरीला हुंड्याशिवाय मागणी घालतो, तरी ह्याला संशय. म्हणजे त्याच्या चिकटपणाच्या आत भीती भरलेली आहे. गरीब माणसाला अचानक घबाड मिळालं तर तो कसा वागेल, हे नाटक दाखवतं. नखं कापली तरी कापलेली नखं गोळा करून नेतो, असे विनोद त्यात आहेतच. पण ते नोकर एकमेकांना सांगतात. ती त्याच्याबद्दलची गावगप्पा आहे. तो स्वतः स्टेजवर येतो तेव्हा घाबरलेला असतो.

मोलियरनं 1668 साली तेच पोतं उचललं, पण आतला माल बदलला. त्याचा हार्पागॉन गरीब नाही. घर आहे, घोडे आहेत, नोकर आहेत, मोठी झालेली मुलं आहेत. आणि मुख्य म्हणजे तो चोरून सावकारी करतो. ह्या नाटकातला एक प्रसंग मला पाठच झाला. हार्पागॉनच्या मुलाला पैशाची नड असते. तो दलालामार्फत एका अनोळखी सावकाराकडनं कर्ज काढायला जातो. सावकाराच्या अटी वाचून दाखवतात. व्याज जबर. वर रकमेतला काही भाग रोख मिळणार नाही, त्याच्या बदल्यात जुनं सामान घ्यायचं. मोडकं फर्निचर, आणि पेंढा भरलेली एक घोरपडीसारखी पालसुद्धा. मुलगा शिव्या घालतो, कोण हा रक्तपिपासू? आणि दलाल दोघांची गाठ घालून देतो तेव्हा सावकार म्हणजे त्याचा बापच निघतो.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण हे आमच्याकडचंच होतं. शंभराची नड घेऊन गेलेल्या कुळाला सत्तर रोख आणि तीसचं किडकं बियाणं मिळायचं, आणि कागदावर शंभर. आमच्या आज्याच्या तोंडी ह्या गोष्टी होत्या. फ्रान्समधल्या पालीच्या जागी किडकं बियाणं ठेवलं की प्रसंग तासगावचा होतो.

आता बघा, मोलियरनं नेमकं काय केलं. चिकटपणा वाढवला नाही. कंजुषासमोर उभा राहणारा माणूस बदलला. युक्लिओच्या समोर चोर आणि शेजारी होते. हार्पागॉनच्या समोर त्याचं पोरगं आहे. चोराशी चिकटपणा केला तर नुकसान कुणाचंच नाही. पोराशी केला तर घर मोडतं. म्हणून तिथं लोक हसतात आणि हसता हसता त्यांना टोचतंही. कंजूष तोच, पण त्याचा चिकटपणा कुणाला महाग पडतो, हे बदललं की पात्र नवं होतं.

आमच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी हेच आणखी एका बाजूनं केलं. लोकनाट्यात गण ठेवला, पण नमन गणपतीऐवजी मातीला आणि कष्टकऱ्यांना केलं. गवळण काढून टाकली. आणि वर्षानुवर्षं चोपडीजवळ बसलेल्या शेटजीला उठवून निवडणुकीला उभं केलं. ‘शेटजींचे इलेक्शन’ ह्या नावातच सगळं आलं. ज्याची हयात घेण्यात गेली, त्याला आता लोकांकडे मागायला जायचं आहे. सोंग जुनं, पण त्याला अशा जागी उभं केलं, की जुनी सवय तिथं चालत नाही.

हे समजल्यावर मी वही काढली. 1984 च्या जत्रेसाठी बतावणी नव्यानं लिहायची ठरवली. ती कशी लिहिली ते सांगतो. कंजूष शेवटी ठेवतो, कारण हात तिथंच थरथरत होता.

आधी बढाईखोर घेतला. आमचा हवालदार वाघ मारल्याच्या गप्पा हाणायचा. आमच्या शिवारात वाघ कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे तो खरं बोलतो का खोटं, ह्याचा कुणाला फरकच पडत नव्हता. बढाईवर हसायचं तर ऐकणाऱ्याला खरं माप माहीत पाहिजे. त्या सुमाराला आमच्याकडे द्राक्षबागा नव्यानं वाढत होत्या, बेदाण्याची शेडं उभी राहत होती. म्हणून मी हवालदाराला बागाईतदार केला. तो म्हणतो, “औंदा धा टन द्राक्षं वाळत घातली, पाच टन बेदाना निगाला.” ज्यानं बाग केली आहे त्याला माहीत असतं, की चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. दहा टनांचा अडीच टन व्हायला हवा. ह्या वाक्यावर मंडपात आधी कुजबुज झाली, हिशेब झाला, आणि मग हसू फुटलं. आबा म्हणायचे तसं, थांबून आलेलं.

पुढे सोंगाड्या विचारतो, “पाच टन कसा काय?” बागाईतदार म्हणतो, “आमची द्राक्षं वाळत न्हाईत, नुसती ईचार करत्यात.” हे तयारीत नव्हतं. खेळताना पोराच्या तोंडून निघालं, मी वहीत लिहून घेतलं. बतावणीत असं निघतं, पण आधी माप खरं असेल तरच. मोठी गप्प हाणायला अक्कल लागत नाही. बारीक, हिशेबातली गप्प हाणायला धंदा माहीत असावा लागतो. आणि बढाईखोराला धक्का द्यायचा तर दुसऱ्या मोठ्या बढाईखोरानं देऊ नये. बाजार समितीच्या काट्याच्या पावतीनं द्यावा. शेतकऱ्याला ती पावती चांगलीच ओळखीची.

मग येडा. ह्या बाबतीत आबांचं बोलणं फार कामाला आलं. त्यांनी तरुणपणी दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ पाहिलं होतं. त्यातला सावळ्या कुंभार. त्याला गंगी नावाची बायको आहे, घरात मडकी आहेत, दारात गाढव आहे. ते गाढव म्हणजे शापानं गाढव झालेला गंधर्व, आणि त्याला राजाच्या मुलीशी लग्न करायचंय. त्या मागणीपायी सावळ्याला दरबाराशी गाठ घ्यावी लागते. आबा म्हणाले, “सावळ्याला कुनी येडं म्हनतं का? न्हाई. त्येला धंदा हाय. त्यो कुंभाराच्या हिशेबानं बोलतो, राजा राजाच्या हिशेबानं. दोन हिशेब जुळत न्हाईत, तितनं हसू येतं.”

आमचा येडा उलटी टोपी घालून पडायचा, तेवढंच. नाहीतर तोतरं बोलायचा. आमच्या गावात एक पोरगा खरोखर तोतरा होता, आणि तो पुढच्या रांगेत बसायचा. तात्यांचं झाल्यावर मला ते दिसलं. तोतरेपणा काढला. उलटी टोपीही काढली. येड्याला गुराखी केला आणि एकच गोष्ट ठरवली. तो सांगितलेलं काम शब्दाप्रमाणे करणार, आणि त्याच्या परीनं तो बरोबर असणार. मालक सांगतो, “म्हशीवर डोळा ठेव.” संध्याकाळी म्हैस दुसऱ्याच्या पिकात. मालक ओरडतो. तो म्हणतो, “डोळा ठेवलाय की. पीक खाताना सारखा बघतच हुतो.” हसू आलं ते गुराख्यावर कमी आणि मालकावर जास्त. कारण दोन वेळच्या भाकरीवर दिवसभर राखण करणाऱ्यानं जास्तीचं काम का करावं, हेही त्यातच होतं. येड्याच्या वागण्याला त्याचा हिशेब दिला, की तो येडा राहत नाही. पण लोक त्याला येडा समजूनच हसायला सुरुवात करतात, आणि मधेच त्यांना कळतं, की आपण चुकलो.

एक गोष्ट मात्र जमली नाही, तीही सांगतो. त्या वर्षी मी वर्तमानपत्रातल्या चार-पाच बातम्या बतावणीत घातल्या. ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी बोलून लोकांना हसवायचे, हे आम्ही ऐकून होतो. पण ते त्या दिवसाचं त्या दिवशी बोलायचे. मी फेब्रुवारीत लिहिलेली बातमी चैत्रापर्यंत शिळी झाली होती, आणि पुढच्या वर्षी तर कुणाला आठवतही नव्हती. बातमीनं पात्र एका रात्रीपुरतं ताजं होतं. धंदा, नड आणि समोरचा माणूस बदलला तर दहा-वीस वर्षं पुरतं. बातमी घालायची तर ती लिहू नये. खेळणाऱ्यावर सोडावी.

राहिला कंजूष. मी सगळ्यात आधी तात्यांचं मुंडासं काढलं, खाकरणं काढलं. ओळखीचं काहीच ठेवायचं नाही असं ठरवलं. मनात आलं, भाकरी मोजणंही काढावं. पण काकींनी आईला जे सांगितलं होतं, ते डोक्यातनं जात नव्हतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांच्या घरी जाऊन इचार. मला नगं.”

गेलो. तात्या दारात सुतळी वळत बसले होते. मी म्हटलं, “तात्या, दोन वर्सांमागं चुकलं माझं.” त्यांनी वर पाहिलं नाही. काकींनी चहा आणला, भरून कप. मी पुढं म्हटलं, “औंदा परत भाकरीचं लिवतोय. तुमच्यावर न्हवं. पर तुमी नगं म्हनला तर काडतो.” बराच वेळ सुतळी वळून झाल्यावर ते म्हणाले, “लिव. पर हसायसारकं असलं तरच लिव. रडायचं काय, घरोघर हाय.”

बतावणी अशी झाली. म्हातारा भाकरी मोजतोय. एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजतो. परत. सोंगाड्या म्हणतो, “आरं, पाच तर हायती. किती बारी मोजशील?” लोक हसतात. म्हातारा म्हणतो, “गप रं, चुकतंय कुठंतरी.” परत मोजतो. आणखी हसू. सोंगाड्या चिडतो, “चिक्कू लेका, कुनी चोरत न्हाई तुझ्या भाकरी!” म्हातारा बोटं थांबवतो आणि म्हणतो, “चोरायच्या भ्यानं न्हाई मोजत. भाकरी पाच आन तोंडं सा हायती. मोजताना दरबारी वाटतं, ह्या खेपंला सा निगतील.”

हे वाक्य झाल्यावर मंडपात आधी काहीच झालं नाही. पुरुषांच्या बाजूला दोघं-तिघं सवयीनं हसले आणि थांबले. बायकांच्या बाजूनं एक हुंकार आला. बहात्तर साल सगळ्यांनी पाहिलेलं होतं. माझा जीव गेला. वाटलं, बतावणी पडली. मग सोंगाड्याचं काम करणारा पोरगा वहीत नसलेलं बोलला. तो खाली बसला, म्हाताऱ्याच्या टोपल्यात डोकावला आणि म्हणाला, “थांब. मी मोजतो. माजं गनित कच्चं हाय, कदाचित सा निगतील.” तेव्हा जे हसू आलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा ऐकलं नाही. येड्याचं कच्चं गणित आणि कंजुषाची भूक, दोन्ही पोती एकमेकांना टेकून उभी राहिली.

ती बतावणी आम्ही पुढे अकरा जत्रांत केली, शेजारच्या गावांतही नेली. शब्द बदलले, पोरं बदलली. एकदा पाच भाकऱ्यांच्या जागी पाण्याच्या टँकरच्या घागरी मोजल्या, कारण त्या साली पाणी नव्हतं. चालली. आता गावात ऑर्केस्ट्रा येतो. मंडळ राहिलं नाही. आबा गेले, आईही गेली.

1984 च्या त्या रात्री तात्या आले होते का, हे मला अंधारात कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडपाचे बांबू सोडत होतो. ते येऊन उभे राहिले. दोनदा खाकरले. मी मान खाली घातली.

“बरं झालं,” ते म्हणाले. “पर येक चुकलं तुझं.”

“काय, तात्या?”

“पाच न्हवत्या रं. चार हुत्या. काकी मान्सात सांगताना येक वाडवून सांगती.”

एवढं बोलून ते पालखीच्या वाटेनं निघून गेले. वहीत मी तो आकडा बदलला नाही. काकींनी वाढवलेली ती एक भाकरी काढून घ्यायचा मला अधिकार नव्हता.